नडगीतला कोंडलेला दाब

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायात दोन हाडे असतात. पुढून कातडीखाली बोट फिरवले की हाताला लागते ती नडगी, म्हणजे टिबिया. तिच्या बाहेरच्या अंगाला तिच्या सोबतीने उतरणारे बारीक हाड म्हणजे फिब्युला. नडगीचे हाड मोडले तर ते काही महिन्यांत जुळून येते. पण मोडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत हाडाभोवतीच्या स्नायूंमध्ये दाब कोंडला, तर ते स्नायू काही तासांतच मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. या अवस्थेला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. नडगी मधोमध मोडलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण दोन ते नऊ जणांत ती उद्भवते. वेळीच ओळखली तर एका शस्त्रक्रियेने पाय वाचतो. उशीर झाला तर हाड नीट जुळूनही पाऊल निकामी राहते.

चार कप्पे

पोटरीचे आणि नडगीचे स्नायू कातडीखाली मोकळे पसरलेले नसतात. त्यांच्याभोवती एक पांढरे, चिवट आवरण असते. त्याला फॅशिया म्हणतात. मटण साफ करताना मांसावरून सोलून निघणारा पांढरट पापुद्रा याच जातीचा असतो, पण माणसाच्या पायातला फॅशिया त्याहून बराच जाड आणि ताठ असतो. तो रबरासारखा ताणला जात नाही. या आवरणाच्या आडव्या भिंती हाडांपर्यंत जातात आणि दोन्ही हाडांच्या मध्येही एक मजबूत पडदा असतो. त्यामुळे गुडघ्याखालच्या पायाचे चार बंद कप्पे तयार होतात.

पुढचा कप्पा नडगीच्या बाहेरच्या बाजूला लागून असतो. पाऊल आणि बोटे वर उचलणारे स्नायू त्यात असतात. त्यातून जाणारा मज्जातंतू पुढे पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यातल्या कातडीला संवेदना देतो. ही एवढीशी जागा निदानाच्या वेळी फार कामाला येते. दुसरा, बाहेरचा कप्पा फिब्युलावर असतो आणि त्यातले स्नायू पाऊल बाहेरच्या बाजूला वळवतात. तिसरा कप्पा म्हणजे हाताने चाचपता येणारी पोटरी. चौथा कप्पा पोटरीच्या खाली, हाडांना चिकटून खोलवर असतो. बोटे आत वळवणारे स्नायू, तळपायाला संवेदना देणारा मोठा मज्जातंतू आणि पावलाला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी या खोल कप्प्यातून जातात.

नडगी मोडल्यावर दाब सर्वात जास्त वेळा वाढतो तो पुढच्या कप्प्यात. त्याच्या खालोखाल खोल कप्प्याचा क्रम लागतो. पुढच्या कप्प्याची अडचण डोळ्यांना दिसते आणि हाताला जाणवते. खोल कप्पा मात्र पोटरीच्या मऊ स्नायूंखाली दडलेला असल्याने वरून चाचपून त्याचा अंदाज येत नाही.

दाब कसा वाढतो

हाड मोडते तेव्हा त्याच्या मज्जेतून आणि आसपासच्या फाटलेल्या वाहिन्यांतून रक्त कप्प्यात साचते. चेंगरलेल्या स्नायूंना सूज येते. कप्प्याच्या भिंती ताणल्या जात नसल्याने आत आलेला प्रत्येक थेंब दाब वाढवतो. निरोगी माणूस स्वस्थ पडलेला असताना कप्प्यातला दाब 10 मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. रक्तदाब ज्या एककात मोजतात, तेच हे एकक.

रक्त रोहिणीतून केशवाहिन्यांत आणि तिथून नीलांमध्ये वाहते. हा प्रवाह दोन टोकांच्या दाबातल्या फरकावर चालतो. नीलांच्या भिंती पातळ असतात. बाहेरचा दाब वाढला की त्या चेपल्या जातात. त्या उघड्या राहायच्या तर त्यांच्या आतला दाब निदान कप्प्यातल्या दाबाइतका व्हावा लागतो. म्हणजे कप्प्यातला दाब 40 झाला की नीलांमधला दाबही 40 च्या आसपास चढतो. रोहिणीकडचा दाब मात्र होता तेवढाच असतो. दोन्ही टोकांतला फरक कमी होतो आणि केशवाहिन्यांतले रक्त हळू हळू थबकते. स्नायूच्या पेशींना ऑक्सिजन मिळेनासा होतो.

इथून एक चक्र सुरू होते. ऑक्सिजनविना केशवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात आणि रक्तातले पाणी बाहेर झिरपते. सूज वाढते, सुजेने दाब वाढतो, दाबाने प्रवाह आणखी घटतो. रक्तस्राव केव्हाच थांबलेला असला तरी हे चक्र स्वतःच्याच जोरावर फिरत राहते. कप्पा उघडल्याशिवाय ते तुटत नाही.

या सगळ्यात मोठी रोहिणी बहुतेक वेळा वाहती राहते, कारण तिच्यातला वरचा रक्तदाब 120 च्या घरात असतो आणि कप्प्यातला दाब तिथपर्यंत क्वचितच पोहोचतो. शेतातल्या ठिबकच्या बारीक नळ्या मातीखाली चेपल्या गेल्या तरी मुख्य पाइपात पाण्याचा जोर कायम राहतो. पाइपाला हात लावणाऱ्याला सगळे ठीक वाटते, रोपे मात्र सुकत असतात. पावलावर लागणारी नाडी ही त्या मुख्य पाइपासारखी आहे. ती लागते म्हणून स्नायूला रक्त मिळत आहे, असे मुळीच नाही.

स्नायू आणि मज्जातंतू हा उपास किती वेळ सोसतात, यावर पुढचे सारे अवलंबून असते. मज्जातंतूचे काम तासाभरातच बिघडू लागते, म्हणून मुंग्या आणि बधिरपणा लवकर येतो. रक्त पूर्ण तुटले तर स्नायू साधारण चार तासांपर्यंत सावरू शकतो. सहा तासांवर निकाल अनिश्चित होतो. आठ तासांनंतर झालेली हानी बहुधा कायमची असते. मेलेल्या स्नायूच्या जागी दोरीसारखी ताठ ऊती तयार होते आणि ती आखडत जाते. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी 1881 मध्ये, घट्ट पट्ट्या बांधल्यावर हाताला येणाऱ्या अशाच आखडण्याचे वर्णन केले होते आणि त्याचे मूळ स्नायूचा रक्तपुरवठा तुटण्यात आहे, असे सांगितले होते. पायात याचे रूप म्हणजे वर न उचलले जाणारे पाऊल, नखीसारखी आत वळलेली बोटे आणि संवेदना हरवलेला तळपाय.

दाब बाहेरूनही येऊ शकतो. सूज वाढायच्या आधी घातलेले पूर्ण गोल प्लास्टर, आवळलेली पट्टी किंवा हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेला पाय हे आतल्या ताठ आवरणावर चढवलेले दुसरे आवरणच असते.

कोणाला धोका जास्त

या अवस्थेचा सर्वात नेटका अभ्यास स्कॉटलंडमधल्या एडिनबर्ग इथे मार्गारेट मॅक्वीन, चार्ल्स कोर्ट-ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी 2000 साली 164 रुग्णांची माहिती मांडली. शरीराच्या सर्व भागांतले कंपार्टमेंट सिंड्रोम त्यात धरले होते आणि त्यांतल्या 36 टक्क्यांचे कारण नडगीचे मधले मोडणे हेच होते. पुरुषांमध्ये दरवर्षी लाखामागे 7.3 आणि स्त्रियांमध्ये 0.7 असे प्रमाण निघाले. पस्तिशीच्या आतले पुरुष त्यात विशेष दिसले. याचे एक कारण असे मानले जाते की तरुण पुरुषाचे स्नायू भरलेले असतात आणि कप्प्यात सुजेला मोकळी जागा उरत नाही. वयाबरोबर स्नायू घटतात आणि तेवढी जागा मोकळी होते.

जखम उघडी असेल, म्हणजे हाड कातडी फाडून बाहेर आले असेल, तर दाब आपोआप निघून जातो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. हाडाच्या टोकाने फॅशियाला पडलेले भोक लहान असते, तेही बहुधा एकाच कप्प्याला असते. बाकीचे कप्पे बंदच राहतात.

लक्षणे: काय पाहायचे, कशाला भुलायचे नाही

पहिले आणि सर्वात महत्त्वाचे लक्षण म्हणजे वेदना. हाड मोडल्यावर पाय दुखणारच, मग ही वेदना वेगळी कशी ओळखायची? हाड स्थिर केले, पाय नीट ठेवला आणि वेदनाशामक दिले की मोडलेल्या हाडाची वेदना उतरते. कंपार्टमेंट सिंड्रोमची वेदना उलट चढत जाते. ती खोल, जळजळती आणि सलग असते. रुग्ण पुन्हा पुन्हा इंजेक्शन मागतो, प्रत्येक इंजेक्शनचा परिणाम आधीपेक्षा कमी टिकतो. रात्रीच्या पाळीतल्या परिचारिकेने नोंदवलेल्या वेदनाशामकाच्या वेळा एकाखाली एक पाहिल्या, तरी हा चढ दिसून येतो.

दुसरी खूण स्नायू ताणल्यावर मिळते. रुग्णाने पाय सैल सोडायचा आणि तपासणाऱ्याने त्याची बोटे हलकेच खाली वाकवायची. पुढच्या कप्प्यातले स्नायू ताणले जातात आणि तिथे दाब असेल तर नडगीत तीव्र कळ जाते. अंगठा आणि बोटे वर ओढली की खोल कप्प्यातले स्नायू ताणले जातात आणि कळ पोटरीच्या आत उठते. चाचपल्यावर कप्पा लाकडासारखा टणक लागतो. अंगठ्याच्या बेचक्यात स्पर्श कमी जाणवत असेल तर पुढच्या कप्प्यातला मज्जातंतू, आणि तळपाय बधिर होत असेल तर खोल कप्प्यातला मज्जातंतू अडचणीत आहे असे समजते.

यानंतरची लक्षणे उशिराची आहेत. अंगठा स्वतःहून वर उचलता न येणे याचा अर्थ स्नायू किंवा मज्जातंतू बराच काळ उपाशी आहे. नाडी न लागणे, पाऊल पांढरे आणि थंड पडणे ही या अवस्थेची नेहमीची लक्षणे नाहीतच. ती दिसली तर मोठी रोहिणीच तुटली असल्याचा संशय आधी घ्यावा लागतो. नाडी जाण्याची वाट पाहणे म्हणजे पाय गमावण्याची वाट पाहणे होय.

यांपैकी एकट्या लक्षणावर फार भिस्त ठेवता येत नाही. एखादे लक्षण दिसले म्हणून निदान पक्के होत नाही. ताणल्यावरची कळ, वाढती वेदना आणि बधिरपणा ही एकत्र आली की मात्र शक्यता झपाट्याने वाढते. सगळी लक्षणे सतत नसतील आणि रुग्ण शुद्धीवर राहून नीट उत्तरे देत असेल, तर धोका बराच दूर असतो. म्हणून तपासणी एकदाच करून भागत नाही. तासा-दोन तासांनी, शक्यतो त्याच व्यक्तीने, ती पुन्हा करावी लागते.

वेदना सांगताच येत नाही अशा रुग्णांत निदान चुकते. डोक्याला मार लागून बेशुद्ध असलेला, दारूच्या नशेत असलेला किंवा पाठीतून अथवा नसेजवळ भूल देऊन पाय बधिर केलेला रुग्ण तक्रार करीत नाही. लहान मूल वेदनेला नाव देऊ शकत नाही. ते अस्वस्थ होते, चिडचिडते, घाबरते आणि त्याला लागणारे वेदनाशामक वाढत जाते. आणखी एक फसवी वेळ असते. मज्जातंतू मेला की वेदना थांबते. रात्रभर तळमळलेला रुग्ण पहाटे शांत झोपला आणि त्याचा अंगठा हलत नसेल, तर ती सुधारणा नव्हे.

दाबाचा आकडा

लक्षणे स्पष्ट असतील तर दाब मोजत बसण्याची गरज नसते, थेट शस्त्रक्रिया करतात. लक्षणे अर्धवट असतील किंवा रुग्ण सांगू शकत नसेल तेव्हा कप्प्यात सुई घालून दाब मोजतात. त्यासाठी हातात मावणारी तयार यंत्रे मिळतात. ती नसतील तर अतिदक्षता विभागात रोहिणीतला रक्तदाब सतत मोजण्यासाठी वापरतात तीच नळी, सलाइन आणि मॉनिटर यांच्या साहाय्याने काम भागते. मोजणारा भाग सुईच्या टोकाच्या पातळीवर ठेवून शून्य लावावे लागते. तो हातभर वर-खाली झाला तरी आकडा बराच चुकतो. सुई मोडलेल्या जागेपासून 5 सेंटिमीटरच्या आत घालतात, कारण दाब तिथे सर्वाधिक असतो आणि दूर गेल्यावर झपाट्याने उतरतो. पुढचा आणि खोल असे दोन्ही कप्पे मोजणे हिताचे असते.

आकडा मिळाल्यावर तो किती झाला म्हणजे धोका, हा प्रश्न उरतो. पूर्वी कप्प्यातला दाब 30 च्या वर गेला की कप्पे उघडावेत, असे अनेक जण मानत. काही जण 40 किंवा 45 ही रेषा धरत. पण प्रवाह फरकावर चालत असेल तर एकट्या कप्प्याच्या दाबावरून काहीच ठरत नाही. अमेरिकेतल्या टॉमस व्हाइटसाइड्स यांनी 1970 च्या दशकातच हा मुद्दा मांडला होता. कप्प्यातला दाब रुग्णाच्या खालच्या, म्हणजे डायस्टॉलिक रक्तदाबाशी ताडून पाहावा, असे त्यांचे म्हणणे होते.

मॅक्वीन आणि कोर्ट-ब्राउन यांनी 1996 साली ते नडगीच्या रुग्णांवर तपासून पाहिले. नडगी मोडलेल्या 116 जणांच्या पुढच्या कप्प्यात त्यांनी 24 तास सतत दाब मोजला. पहिल्या 12 तासांत 53 जणांचा दाब 30 च्या वर गेला. त्यांतल्या 30 जणांचा 40 च्याही वर गेला. जुनी रेषा पाळली असती तर या साऱ्यांचे पाय चिरावे लागले असते. डायस्टॉलिक रक्तदाबातून कप्प्यातला दाब वजा केल्यावर उरणारा फरक मात्र संपूर्ण 24 तासांत फक्त तीन जणांत 30 च्या खाली आला. त्या तिघांवरच शस्त्रक्रिया झाली. किमान सहा महिन्यांनी तपासले तेव्हा 116 पैकी कोणाच्याही पायात या अवस्थेची खूण उरलेली नव्हती. डायस्टॉलिक वजा कप्प्यातला दाब 30 पेक्षा कमी, ही आज सर्वत्र वापरली जाणारी सीमारेषा तिथून रुजली.

या रेषेलाही मर्यादा आहेत. एकदाच घेतलेला आकडा क्षणाचे चित्र असतो. फरक काही मिनिटांसाठी 28 झाला आणि पुन्हा 40 वर गेला, तर स्नायू मरत नाही. फरक सतत कमी राहतो की नाही, हे महत्त्वाचे असते. दुसरी अडचण भुलेची आहे. पूर्ण भूल दिल्यावर डायस्टॉलिक रक्तदाब 15-20 ने उतरू शकतो आणि हिशेबातला फरक खोटाच आकसतो. म्हणून भुलेखाली मोजताना भूल देण्याआधीचा डायस्टॉलिक आकडा धरतात.

एक उदाहरण

पुढचे उदाहरण समजण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातला क्रम अपघात विभागात नेहमी दिसणारा आहे. 26 वर्षांचा तरुण रात्री 9 वाजता दुचाकीवरून पडतो. नडगी मधोमध मोडते, कातडी शाबूत राहते. 10 वाजता पायामागे अर्धे प्लास्टर लावून त्यावर पट्टी गुंडाळली जाते. 11 वाजता दिलेले इंजेक्शन तासभर टिकते. साडेबाराला दिलेले अर्धा तासही टिकत नाही. 1 वाजता डॉक्टर बोटे खाली वाकवतात तेव्हा तो ओरडतो. अंगठ्याच्या बेचक्यात स्पर्श बोथट झालेला असतो. पावलावरची नाडी चांगली लागते.

पहिले काम म्हणजे पट्टी, प्लास्टर आणि आतला कापूस हे सगळे कातडीपर्यंत कापून मोकळे करणे. नुसते प्लास्टर चिरून आतला रक्ताने घट्ट झालेला कापूस तसाच ठेवला तर दाब पुरता उतरत नाही. दुसरे काम पाय हृदयाच्या पातळीत ठेवणे. सूज उतरावी म्हणून पाय उंच टांगायची सवय इथे घातक ठरते, कारण पाय उंचावला की त्यातल्या रोहिणीचा दाब कमी होतो आणि आधीच आकसलेला फरक आणखी आकसतो. रक्तदाब कमी असेल तर सलाइन किंवा रक्त देऊन तो वर आणावा लागतो.

अर्ध्या तासाने वेदना तशीच आहे. रक्तदाब 124 वर 74. पुढच्या कप्प्यात दाब 48 निघतो, खोल कप्प्यात 41. 74 वजा 48 म्हणजे 26, आणि 74 वजा 41 म्हणजे 33. पुढच्या कप्प्याचा फरक सीमारेषेच्या खाली आहे, खोल कप्प्याचा तिच्या काठावर आहे आणि लक्षणे आकड्याशी जुळतात. निर्णय होतो: चारही कप्पे उघडायचे.

हाच 48 चा आकडा दुसऱ्या रुग्णात वेगळे सांगतो. रक्तदाब 150 वर 92 असेल तर फरक 44 उरतो आणि बारीक लक्ष ठेवून थांबता येते. पोटात रक्तस्राव होऊन रक्तदाब 90 वर 56 झाला असेल तर फरक फक्त 8 उरतो आणि स्नायू जवळजवळ उपाशी असतो.

फॅशिओटॉमी

कप्प्याचे आवरण उभे चिरून दाब मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेला फॅशिओटॉमी म्हणतात. पायाच्या दोन बाजूंना दोन उभ्या चिरा घेऊन चारही कप्पे उघडण्याची रीत सर्वाधिक वापरात आहे. प्रत्येक चीर 15 ते 20 सेंटिमीटर लांब असते. चीर लहान ठेवून पाय सुंदर राखण्याचा मोह टाळावा लागतो, कारण सुजलेल्या पायात ताणलेली कातडीही दाब धरून ठेवते. मांडीला रक्त अडवणारा पट्टा आवळत नाहीत, कारण आधीच उपाशी असलेल्या स्नायूचा उरलासुरला पुरवठाही त्याने तुटेल.

बाहेरची चीर नडगीची कड आणि फिब्युला यांच्या साधारण मधोमध घेतात. कातडी बाजूला केली की खाली फॅशिया दिसतो. त्याला आधी एक छोटी आडवी चीर देतात. तिच्यातून पुढचा आणि बाहेरचा कप्पा यांच्यामधली भिंत दिसते. ही भिंत ओळखणे हे या बाजूचे कळीचे काम आहे. ती ओळखण्यात चूक झाली तर सर्जन दोनदा एकाच कप्प्यात शिरतो, दोन्ही उघडले असे समजतो आणि दुसरा बंदच राहतो. भिंतीच्या पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे कात्री वर गुडघ्याकडे आणि खाली घोट्याकडे सरकवत फॅशिया पूर्ण लांबीत उघडतात. बाहेरच्या कप्प्यातला मज्जातंतू घोट्याच्या 10-12 सेंटिमीटर वर फॅशिया भेदून कातडीखाली येतो. तिथे कात्रीचे टोक मागे, फिब्युलाच्या खालच्या टोकाकडे वळवून त्याला जपतात.

आतली चीर नडगीच्या मागच्या कडेपासून साधारण बोटभर मागे घेतात. त्या जागेची लांब नीला आणि तिच्यासोबतचा मज्जातंतू पुढे सरकवून ठेवतात. चीर फार मागे गेली तर आतल्या रोहिणीपासून कातडीकडे येणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात. पुढे हाडावर कातडी-स्नायूचा तुकडा बसवण्याची वेळ आली तर याच वाहिन्या लागतात. पोटरीच्या वरच्या कप्प्याचा फॅशिया इथे सहज उघडतो. त्याच्या आत खोल कप्पा असतो. तिथे पोहोचायचे तर पोटरीचा सोलियस नावाचा स्नायू नडगीला जिथे चिकटलेला असतो तिथून सोडवावा लागतो. ही पायरी गाळली तर बाहेरून पाय उघडा दिसतो आणि आत खोल कप्पा बंद राहतो. फॅशिओटॉमीत नेहमी होणाऱ्या चुकांपैकी ही एक आहे. नडगीचा मागचा पृष्ठभाग आणि त्यावर बोटे आत वळवणारा स्नायू स्वच्छ दिसला की खोल कप्पा खरोखर उघडल्याची खात्री पटते.

आवरण उघडताच सुजलेला स्नायू चिरेतून वर फुगून येतो. तो जिवंत आहे का, हे चार गोष्टींवरून पाहतात: रंग, चिमट्याने चिमटल्यावर आकुंचन, हाताला लागणारा घट्टपणा आणि कापल्यावर येणारे रक्त. वरील उदाहरणातल्या तरुणाचा पुढचा स्नायू पहिल्यांदा जांभळट दिसतो आणि दहा मिनिटांत गुलाबी होऊ लागतो. जो स्नायू निश्चित मेला आहे तो काढून टाकतात. ज्याबद्दल शंका आहे तो ठेवून पुढच्या पाहणीपर्यंत थांबतात. त्याच वेळी हाड स्थिर करतात, कारण हलते हाड पुन्हा रक्तस्राव करते. पायाबाहेर सळ्यांची चौकट लावून किंवा हाडाच्या पोकळीत सळई घालून ते काम होते.

जखम उघडी का ठेवतात

दोन्ही चिरा टाके न घालता उघड्या ठेवतात, कारण त्या लगेच शिवल्या तर कातडीच्या आवळण्याने दाब पुन्हा चढेल. वर ओली किंवा हवा खेचून घेणारी पट्टी लावतात. साधारण 48 तासांनी रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेऊन स्नायू तपासतात. सूज उतरली असेल तर जखमेच्या कडा रबरी दोऱ्यांनी बुटाच्या नाडीसारख्या ओवून दररोज थोड्या जवळ आणतात. तेवढ्याने मिटली नाही तर मांडीवरची पातळ कातडी काढून तिथे लावतात. उदाहरणातल्या तरुणाची आतली जखम पाचव्या दिवशी टाक्यांनी मिटते आणि बाहेरच्या जखमेवर कातडी लावावी लागते. बेचक्यातला स्पर्श काही आठवड्यांत परततो.

ही शस्त्रक्रिया निरुपद्रवी नाही. दोन लांब व्रण राहतात, त्यांच्याभोवती कातडी बधिर राहू शकते, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि काहींचे हाड जुळायला जास्त वेळ लागतो. म्हणूनच फरक 44 असताना आणि लक्षणे नसताना ती करणे योग्य नाही.

रुग्ण फार उशिरा आला, स्नायू मरून दीड-दोन दिवस उलटले, तर गणित उलटे फिरते. मेलेला स्नायू बंद कप्प्यात निर्जंतुक असतो. तो उघडला की त्यात जंतू शिरतात, त्यांना रोखायला रक्तपुरवठा नसतो आणि अनेकदा पाय कापण्याची वेळ येते. अशा वेळी बहुतेक सर्जन कप्पे उघडत नाहीत. लक्ष मूत्रपिंडांकडे वळवतात. मेलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन रक्तात उतरते, लघवी चहाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. त्यासाठी भरपूर सलाइन देऊन लघवीचे प्रमाण वाढते ठेवतात आणि गरज पडल्यास डायलिसिस करतात. पाऊल लटके पडू नये म्हणून आधाराची पट्टी लावतात आणि आखडलेल्या बोटांवर पुढे कधीतरी शस्त्रक्रिया करतात. बोटांवर पुढे शस्त्रक्रिया केली तरी मेलेल्या स्नायूची ताकद तिने परत येत नाही.